चारदा गॅस भरला, तरी फ्रीज थंड होत नाही

प्रश्न: मॅडम, २ सप्टेंबर २०२४ ला, गणपतीच्या तोंडावर, दादरच्या एका दुकानातून ३४,५०० रुपयांचा फ्रीज घेतला. हप्ते दिरांच्या कार्डावर होते म्हणून बिल त्यांच्या नावावर आहे. फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीचा माणूस चारदा आला आणि दरवेळी गॅस भरून गेला. आता पुन्हा थंड होत नाही. दुकानदार म्हणतो, बिलावर लिहिलंय, विकलेला माल परत घेणार नाही, कंपनीशी बोला. कंपनी म्हणते, बदलून मिळणार नाही, दुरुस्त करून देऊ, पण वर्ष उलटलं, आता गॅसचे पैसे पडतील. मी भांडुपला राहते, घरून आठ-दहा डबे देते. नवीन फ्रीज किंवा पैसे परत मिळतील का? वकील लागेल का?

उत्तर: तक्रार करण्याइतकं तुमचं प्रकरण नक्कीच उभं राहतं. वकील लावलाच पाहिजे असं नाही, ग्राहक आयोगात तुम्ही स्वतः बाजू मांडू शकता. पैसे परत मिळतील का, याचं उत्तर मात्र मी इथे देणार नाही. तुमचं वॉरंटी कार्ड आणि त्या चार भेटींचे कागद मी पाहिलेले नाहीत, आणि निकाल त्यांवरच ठरणार आहे. ते कागद कसे वाचायचे आणि कुठे घसरायला होतं, तेवढं सांगते.

आधी तुमच्या मनातली बिलाची भीती काढते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ग्राहकाची जी व्याख्या आहे तिच्यात पैसे देणारा येतो, आणि त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही येतो. दिरांनी घेतलेला फ्रीज तुम्ही त्यांच्या संमतीने वापरता, म्हणून तुम्ही ग्राहक आहात. तरी तक्रार दोघांच्या नावाने करा. दोन सह्यांनी काही बिघडत नाही, आणि ‘तुमचा संबंध काय’ हा कंपनीचा पहिला आक्षेप तिथेच संपतो.

बिलावरच्या त्या छापील ओळीलाही घाबरू नका. रंग आवडला नाही म्हणून माल परत नेला तर दुकानदार नाही म्हणू शकतो. पण माल सदोष असताना तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर त्यासाठी ३० दिवस धरले जातात. तुमचा फ्रीज पाच महिने नीट चालला आणि मग बिघडला, त्यामुळे एवढ्याच कलमावर तक्रार उभी करू नका. त्या ओळीची ढाल दुकानदाराला मिळत नाही, इतकाच त्याचा उपयोग. तुमचा खरा आधार वॉरंटी आहे.

इथेच बहुतेक लोक चुकतात. सुरुवातीच्या वर्षांत मीही चुकले होते. मुलुंडच्या एका शिक्षिकेचं वॉशिंग मशीन पाच वेळा दुरुस्त झालं होतं. मी तक्रारीत पानोपानी ‘उत्पादनातला दोष’ असं लिहिलं आणि नवीन मशीन मागितलं. आयोगाने एकच विचारलं: कशावरून? जाणकाराचा अहवाल आमच्याकडे नव्हता. पाच वेळा बिघडलं म्हणजे जन्मजातच बिघडलेलं होतं, हे मला उघड वाटत होतं, पण ते कागदावर सिद्ध नव्हतं. नवीन मशीन मिळालं नाही. वेळेत आणि नीट दुरुस्ती न केल्याबद्दल भरपाई तेवढी मिळाली.

कायद्यात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वस्तूतला दोष ही एक आणि सेवेतली त्रुटी ही दुसरी. वॉरंटीच्या काळात एकाच बिघाडासाठी चारदा माणूस येतो आणि बिघाड तसाच राहतो, ही सेवेतली त्रुटी आहे, आणि ती तुमच्याकडच्या कागदांवरूनच दाखवता येते. फ्रीज मुळातच सदोष होता हे दाखवायला मात्र जाणकार लागतो. २००६ मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचंच वचन असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही. कंपन्या आजही हा निकाल पुढे करतात. म्हणून तक्रारीत दोन्ही पायांवर उभं राहा. फ्रीज सदोष आहे असं म्हणा, आणि तो सदोष ठरला नाही तरी कंपनीने केलेली दुरुस्ती ही सेवेतली त्रुटी आहे असंही म्हणा.

आता ते चार कागद काढा. कंपनीचा माणूस काम झाल्यावर जॉब शीट देतो किंवा मोबाइलवर पाठवतो. त्यावर ‘तक्रार’ आणि ‘केलेलं काम’ अशा दोन जागा असतात. दुसऱ्या जागेत काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा. फ्रीजमधला गॅस बंद नळीत फिरत असतो, तो पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती शोधून तो भाग सांधला किंवा बदलला नाही आणि नुसता गॅस भरला, तर फ्रीज काही दिवस किंवा काही आठवडे थंड होतो आणि पुन्हा तेच. चारही कागदांवर फक्त ‘गॅस भरला’ असं असेल आणि ‘गळती सापडली’, ‘कॉइल बदलली’ असं कुठेच नसेल, तर मूळ बिघाडाला कोणी हातच लावला नाही हे कंपनीच्याच कागदावर लिहिलेलं आहे. तुमच्याकडे याहून मजबूत पुरावा दुसरा नसेल.

उलट, एखाद्या कागदावर ‘व्होल्टेज कमी-जास्त’ किंवा ‘ग्राहकाकडून नुकसान’ असं लिहून त्याखाली तुमची सही घेतली असेल तर प्रकरण अवघड होतं, आणि तो कागद पाहिल्याशिवाय पुढचं सांगणं चुकीचं ठरेल. तसं नसेल तर एक करा. पुढच्या भेटीत माणूस तक्रार बंद करण्यासाठी मोबाइलवर आलेला कोड मागेल. फ्रीज चालतोय याची खात्री होईपर्यंत तो देऊ नका. कोड दिला की कंपनीच्या नोंदीत ‘ग्राहक समाधानी, तक्रार बंद’ असं दिसतं, आणि तीच नोंद पुढे आयोगात तुमच्याविरुद्ध येते. आधीच्या चार वेळा दिला असेल तरी हरकत नाही. तसं असेल तर प्रत्येक वेळी पुढच्या किती दिवसांत तुम्ही पुन्हा तक्रार केली, ते तारखांनी दाखवा. फेब्रुवारीत बंद, एप्रिलमध्ये पुन्हा उघडी, असं चारदा झालेलं दिसलं की ‘समाधानी’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

गल्लीतल्या मेकॅनिकला फ्रीज उघडू देऊ नका. गैरसोय होते हे मला कळतं, मुंबईच्या उन्हाळ्यात फ्रीजशिवाय घर चालवणं सोपं नाही. पण बाहेरच्या माणसाने नळी कापली की कंपनी वॉरंटी संपली म्हणते आणि गळती कुठे होती हे पुन्हा कुणालाच पाहता येत नाही. गरज असेल तर भाड्याने छोटा फ्रीज घ्या आणि त्याच्या पावत्या ठेवा, तो खर्च मागता येतो. स्वतःचा जाणकार आणायचा असेल तर तो शिकलेला तंत्रज्ञ असावा, त्याने उघडण्याआधी कंपनीला ईमेलने तारीख कळवावी, आणि काय दिसलं ते सही करून लिहून द्यावं. आयोग स्वतःही वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. फ्रीजसारख्या अवजड वस्तूबाबत हे कटकटीचं होतं, म्हणून सही केलेला स्वतंत्र अहवाल आधीच हाती असलेला बरा.

आता डब्यांचं. तुम्ही ते वाक्य सहज लिहिलंत, पण कंपनीचा वकील सर्वांत आधी तेच पकडेल. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा या कायद्यात ग्राहक नसतो. त्याला एक अपवाद आहे: माणूस स्वतः राबून केवळ आपल्या उदरनिर्वाहासाठी ती वस्तू वापरत असेल तर तो ग्राहकच राहतो. मुंबईतल्याच एका इस्पितळाच्या ट्रस्टने परिचारिकांना राहायला सदनिका घेतल्या होत्या. तो व्यापार आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की खरेदीचा मुख्य हेतू पाहायचा आणि त्या व्यवहाराचा नफ्याच्या कामाशी थेट संबंध आहे का ते तपासायचं. तो ट्रस्ट ग्राहक ठरला. तुमचा फ्रीज आधी घरचा आहे, त्यातच डब्यांची भाजी राहते, स्वयंपाक तुम्ही स्वतः करता. यावर तुमची बाजू चांगली मांडता येईल. हाताखाली चार बायका पगारावर असतील आणि रोज साठ डबे जात असतील तर माझं मत बदलेल.

वॉरंटी कार्ड ही वेगळी गोष्ट आहे. त्यात ‘फक्त घरगुती वापरासाठी’ अशी अट बऱ्याचदा असते. कायद्याने तुम्ही ग्राहक ठरलात तरी कंपनी त्या अटीवर बोट ठेवू शकते. तुमच्या कार्डातली भाषा नेमकी काय आहे ते मला माहीत नाही, म्हणून इथे मी थांबते. एवढं मात्र ठामपणे सांगते की, भरपाईत ‘डब्यांचा धंदा बुडाला’ म्हणून रक्कम मागू नका. दोन-चार हजारांच्या त्या मागणीने तुम्ही स्वतःच्या सहीने व्यापारी वापर कबूल कराल. वाया गेलेलं घरचं अन्न, भाड्याचा फ्रीज, मानसिक त्रास, तक्रारीचा खर्च एवढं मागा. आणि डबे लपवूही नका. खोटं प्रतिज्ञापत्र करण्यापेक्षा खरं लिहून त्याचं कारण देणं केव्हाही चांगलं.

‘वर्ष उलटलं, पैसे पडतील’ यावर. फ्रीजवर साधारणपणे एक वर्षाची पूर्ण वॉरंटी असते आणि त्यापुढे अनेक वर्षं फक्त कॉम्प्रेसरची. त्या लांब वॉरंटीत गॅस, मजुरी, येण्या-जाण्याचा खर्च बहुधा धरलेला नसतो. दुकानात मोठ्या अक्षरांत वर्षांचा आकडा दिसतो, अट कार्डाच्या मागे असते. पण तुमचा बिघाड पहिल्या वर्षातला आहे, फेब्रुवारीपासूनचा. तो पहिल्याच वर्षात बरा व्हायला हवा होता. वॉरंटीत सुरू झालेला आणि कंपनीने न सोडवलेला बिघाड वर्ष संपलं म्हणून नवा होत नाही. कंपनीला लिहिताना हेच वाक्य वापरा.

पहिलं पत्र वकिलाचं असण्याची गरज नाही. साध्या मराठीत कंपनी आणि दुकानदार दोघांना एकच पत्र लिहा. खरेदीची तारीख आणि किंमत, फ्रीजचा अनुक्रमांक, चार भेटींच्या तारखा, प्रत्येक जॉब शीटचा क्रमांक आणि त्यावर लिहिलेलं काम. मग मागणी: पंधरा दिवसांत किंमत परत करा किंवा त्याच दर्जाचा नवीन फ्रीज द्या, नाहीतर आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि पोचल्याचा पुरावा ठेवा, तेच ईमेलनेही पाठवा. शिव्या, धमक्या, समाजमाध्यमांवर बदनामीचा इशारा त्यात नको. हेच पत्र पुढे तुमच्या तक्रारीला जोडलं जाणार आहे.

सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. बऱ्याच कंपन्या तिथून विचारणा गेली की हलतात. पण हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, आणि तिथे तक्रार पडून असल्याने तुमची मुदत वाढत नाही. आयोगात जाण्याची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ते कारण कधी घडलं, पहिल्या बिघाडाला की शेवटच्या नकाराला, यावर वाद होऊ शकतो. मी अशा वेळी सर्वांत आधीची तारीख धरते. तुमच्या बाबतीत फेब्रुवारी २०२५ धरा, म्हणजे जानेवारी २०२७ संपण्याआधी तक्रार दाखल झालेली असू द्या. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण द्यावं लागतं आणि ‘कंपनी आज-उद्या करत होती’ हे दरवेळी पुरत नाही.

तक्रार कुठे करायची, तर दुकान दादरला असलं तरी तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते. भांडुप मुंबई उपनगर जिल्ह्यात येतं. तक्रार e-jagriti.gov.in वर घरबसल्या दाखल करता येते, मराठीत लिहिली तरी चालते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रार, प्रतिज्ञापत्र, बिल, वॉरंटी कार्ड, जॉब शीट, पत्र आणि त्याची पोच, असा संच लागतो. मागणी पायरीपायरीने लिहा: किंमत व्याजासह परत, ते न झाल्यास नवीन फ्रीज, तेही न झाल्यास गळका भाग विनामूल्य बदलून त्यावर नवी वॉरंटी. सोबत भरपाई आणि खर्च. ३४,५०० च्या फ्रीजसाठी पाच लाखांची भरपाई मागणाऱ्या तक्रारी मी पाहिल्या आहेत. त्यांनी रक्कम वाढत नाही, तक्रारदाराच्या बाकीच्या म्हणण्यावर शंका मात्र येते.

नोटीस मिळाल्यावर कंपनीला लेखी उत्तरासाठी ३० दिवस असतात, आयोग आणखी १५ देऊ शकतो. त्या ४५ दिवसांपलीकडे उत्तर घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. ती तारीख लिहून ठेवा आणि उलटली तर आयोगाच्या नजरेस आणा. कायदा म्हणतो की तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल लागावा. प्रत्यक्षात मुंबईत याहून बराच वेळ लागतो. हे आधीच मनात धरा, कारण मधल्या काळात कंपनीचा तडजोडीचा फोन बहुधा येतोच.

त्या फोनवर काय करायचं, हे मात्र मी इथून सांगू शकत नाही. घसारा कापून पंचवीस हजार घ्यावेत की आदेशापर्यंत थांबावं, हे तुमच्या कागदांवर, गरजेवर आणि घरच्या परिस्थितीवर ठरतं. तसंच कंपनी ‘वापरलेली किंमत वजा करून’ जे आकडे देते ते योग्य आहेत का, तुमच्या वॉरंटी कार्डातली एखादी अट अन्यायकारक आहे का, आणि दिरांच्या कार्डाचे उरलेले हप्ते थांबवता येतील का, यांवर कागद न पाहता बोलणं बेजबाबदारपणाचं होईल. हप्ते स्वतःहून थांबवू नका एवढं नक्की. बँकेशी झालेला करार वेगळा आहे, आणि हप्ता चुकल्याची नोंद दिरांच्या नावावर चढेल.

तडजोडीचा कागद समोर आला तर ‘पूर्ण आणि अंतिम’ हे शब्द शोधा. त्याखाली सही केली की पुढे फ्रीज पुन्हा बिघडला तरी हात बांधले जातात. सही करण्याआधी तो कागद एखाद्या वकिलाला प्रत्यक्ष दाखवा. मला इथे कागद पाठवू नका. असं वाचून मी तुमची वकील होत नाही आणि तशी सवय तुम्हाला धोक्याचीच आहे. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तुमच्या नावाने तक्रार होणार आहे, म्हणजे तो हक्क तुमचा आहे. जाताना चारही जॉब शीट तारखेच्या क्रमाने लावून न्या, वर वॉरंटी कार्ड ठेवा, आणि डब्यांचं आधीच सांगून टाका.